मदत हवी आहे: गुलाबाचे काळे ठिपके, फोटोंवरून वाढतायत की कमी होतायत?

जाई_जुई: कुंडीतल्या गुलाबाला काळे ठिपके आलेत, कडा फिसकटलेल्या, भोवती पिवळं. 5 जुलैला बुरशीनाशक मारलं. एकाच फांदीचे फोटो ठेवलेत. 2 जुलैला 14 पानं होती, त्यातली खालची 5 ठिपक्यांची. 23 जुलैला 12 पानं आणि ठिपक्यांची 4. म्हणजे सुधारतंय असं धरू का? मला मनापासून वाटतंय की हो, पण झाड बघितलं की अगदी विरळ दिसतं, म्हणून धीर होत नाहीये.

रानवाट: 5 ची 4 झाली म्हणजे कमीच झालं की. औषध चालू ठेवा.

पालवी: थांबा, ती 4 पानं जुन्या 5 मधलीच आहेत का? ठिपक्यांची पानं गळून जातात, मग फोटोत ठिपके कमी दिसतात आणि झाड मात्र उघडं पडत जातं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून खालून एकेक पेर जुळवा, पान नसेल तिथे देठाची खूण दिसते.

हिरवा_कोपरा: माझ्या टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा आल्यात, त्यावर काय मारू?

पालवी: ती नागअळी, बुरशी नाही. वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

जाई_जुई: जुळवलं ताई. खालची पाचही गेलीत, शेंड्याला 3 नवीन आलीत. आत्ताची ठिपक्यांची 4 म्हणजे 2 तारखेला स्वच्छ असलेली, त्यांच्या लगेच वरची!

रानवाट: अरे, मग माझं चुकलं. हे तर वर चढतंय.

पालवी: तेही लगेच म्हणू नका. बुरशी पानात शिरल्यावर ठिपका दिसायला साधारण आठवडा-दीड आठवडा जाऊ शकतो, त्यामुळे औषध मारायच्या आधीच लागण झालेली पानं नंतर डागाळतात. मधला एखादा फोटो आहे का? आणि एकदा पडलेला ठिपका पुसला जात नाही, त्यामुळे त्याच पानावर सुधारणा शोधू नका.

जाई_जुई: 14 जुलैचा आहे. त्यात त्या 4 मधल्या 3 पानांवर ठिपके आलेले दिसतायत.

पालवी: मग ती 3 बहुतेक आधीची लागण. चौथं पान महत्त्वाचं, ते 14 नंतर डागाळलं असेल तर फवारणी बहुधा पुरी पडत नाहीये.

रानवाट: पण शेंड्याची 3 स्वच्छ आहेत, हे चांगलंच ना?

पालवी: चांगलं आहे, पण त्यांना अजून दिवस किती झालेत? कोवळ्या पानावर बुरशी सहज बसते आणि पानं बराच वेळ ओली राहिली की मगच धरते, त्यामुळे मधे कोरडं गेलं असेल तर औषधाविनाही स्वच्छ राहिली असती. त्यांच्या खाली दोरा बांधा आणि पुढचा फोटो त्याच बाजूने, त्याच वेळी, मागे पांढरा कागद धरून काढा, त्यावरच तारीख लिहा. संध्याकाळच्या उजेडात हिरवं पानसुद्धा पिवळं दिसतं.

जाई_जुई: दोरा बांधला, 6 ऑगस्टला काढते. पण 14 च्या फोटोत ते चौथं पान नेमकं उलटं वळलंय, वरची बाजू दिसतच नाहीये.