प्रतिसाद: शेवटचा भाग लहान का होतो

«२४ फूट व्यासाची गोल रांगोळी, आठ जणी, आठ भाग. शेवटचा भाग दर वेळी लहान पडतो, आणि रंगही जुळत नाहीत.»

तुम्ही बहुधा एका बिंदूपासून सुरू करून गोल फिरत भाग मोजता. प्रत्येक वेळी एक इंच जास्त धरला गेला, तर सात भागांत सात इंच होतात आणि ते आठव्यातून कापले जातात. त्यापेक्षा आधी मध्यातून एक व्यास आखा. त्याच्या दोन्ही टोकांवरून १६ फुटांच्या दोरीने कंस काढा. ते छेदतात तिथून मध्यातून जाणारी रेघ म्हणजे दुसरा व्यास. मग प्रत्येक पाव भागात दोन्ही टोकांपासून परिघावर सरळ ९ फूट २ इंचांवर खूण करा. दोन खुणा जुळल्या नाहीत तर त्यांच्या मधोमध रेघ घ्या. चूक तिथेच संपते, पुढे जात नाही. सुतळी मात्र नको, ती ताणते. न ताणणारी वायर घ्या.

रंग भागांप्रमाणे वाटू नका. प्रत्येकीने आपापला गुलाबी कालवला की सांध्यावर आठ छटा उघड दिसतात, इंदूरच्या भर उन्हात तर फारच. एका छटेचा सगळा रंग एकाच घमेल्यात कालवा, मग वाट्या भरा. खडूने प्रत्येक आकारात रंगाचा आकडा लिहा, आणि सांध्यावरची पाकळी कुणी एकीनेच भरायची हे आधीच ठरवा. भरणं मध्यापासून बाहेर, म्हणजे कुणाचा पाय रंगावर पडत नाही.