मदत हवी आहे: कंपनीचा प्रमुख म्हणून कोणाचं नाव द्यायचं, चेअरमन, एमडी की सीईओ?

मृदुला_तासगाव

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी मी एक छोटी पुस्तिका करतेय. त्यात चाळीस कंपन्या आणि प्रत्येकीसमोर 'प्रमुख' असा एक रकाना आहे. परवा सराव चाचणीत 'महिंद्रा अँड महिंद्राचे प्रमुख कोण?' असा प्रश्न दिला, तर तीन उत्तरं आली: आनंद महिंद्रा, अनीश शाह आणि राजेश जेजुरीकर. मी पहिलं बरोबर धरलं आणि बाकीच्यांचे गुण कापले. मग एका मुलीने मोबाईलवर कंपनीचं पान उघडून दाखवलं. तिघांचीही नावं तिथे होती, तिघेही मोठ्या पदावर. ती म्हणाली, "मॅडम, जेजुरीकरांच्या नावापुढे सीईओ लिहिलंय, मग माझं चूक कसं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यात आमच्याकडच्या एका जुन्या मार्गदर्शिकेत आनंद महिंद्रा 'अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक' आहेत. नेमकं कुठे बघावं म्हणजे चूक होणार नाही? पुस्तिका पुढच्या आठवड्यात छपाईला जायची आहे.

विक्रांत_पुणे

सोपं आहे. चेअरमन सगळ्यात वर, त्याखाली एमडी, त्याखाली सीईओ. आणि आता चेअरमन आणि एमडी एकच माणूस असू शकत नाही, सेबीने ते बंद केलंय. एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाका, सगळी पदं तिथे दिसतात.

निवृत्त_कंपनी_सेक्रेटरी

विक्रांत, थोडं थांबा. यातलं अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच पुस्तिकेत चुका होतील.

सेबीने शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना ही दोन पदं वेगळी करायला सांगितलं होतं हे खरं. तारीख आधी 2020 होती, मग 2022 झाली, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सेबीने ते सक्तीचं न ठेवता ऐच्छिक केलं. म्हणून रिलायन्समध्ये मुकेश अंबानी आजही चेअरमन आणि एमडी दोन्ही आहेत. कंपनी कायद्याच्या कलम 203 मध्ये दोन पदं एकाकडे नसावीत असं आहे, पण कंपनीच्या नियमावलीत मुभा ठेवली असेल तर चालतं.

आता मृदुलाताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. ही तीन पदं म्हणजे एका शिडीच्या तीन पायऱ्या नव्हेत. चेअरमन संचालक मंडळाची बैठक चालवतो, बस्स. त्याने कंपनीत रोज जाऊन काम करावं अशी अपेक्षा असेलच असं नाही. एमडी हा मुळात संचालकच, पण कारभाराचे भरीव अधिकार मंडळाने त्याच्या हाती दिलेले असतात. सीईओचं मात्र वेगळं आहे. कंपनी ज्या अधिकाऱ्याला सीईओ हे नाव देईल तो सीईओ, कायद्यातली व्याख्या जवळपास एवढीच आहे. तो संचालक असेल किंवा नसेलही. आपल्याकडे बहुतेक मोठ्या कंपन्या एकाच माणसाला 'एमडी आणि सीईओ' करतात, त्यामुळे त्याखाली अजून कोणी आहे का असं शोधायची वेळच येत नाही.

महिंद्राचं उदाहरण तुम्ही नकळत फार चांगलं निवडलंय, कारण तुमच्या विद्यार्थिनीला पडलेला प्रश्न तिथे खरोखर आहे. वार्षिक अहवाल उघडा. पहिल्या पानांवरचे फोटो आणि चेअरमनचं पत्र बघून निष्कर्ष काढू नका, थेट 'Corporate Governance' नावाच्या भागात जा. तिथे संचालकांचा तक्ता असतो आणि नावापुढे प्रत्येकाचा प्रकार लिहिलेला असतो. आनंद महिंद्रांपुढे 'Non-Executive Chairman' दिसेल, म्हणजे रोजचा कारभार न पाहणारा, बिगरकार्यकारी चेअरमन. अनीश शाह 'Group CEO & Managing Director'. जेजुरीकर 'Executive Director & CEO (Auto and Farm Sector)'. हा कंस सोडू नका. ते सीईओ आहेतच, पण वाहन आणि शेती या विभागांचे. मुलीने वाचलं ते बरोबर होतं, तिने कंसाच्या आत पाहिलं नाही एवढंच.

तक्त्याने समाधान झालं नाही तर अजून दोन जागा आहेत. एक म्हणजे मानधनाचा तक्ता. एमडीपुढे पगार आणि भत्ते दिसतात. बिगरकार्यकारी चेअरमनपुढे बैठकीचं शुल्क आणि नफ्यातलं कमिशन दिसतं, पगार नाही. दुसरी जागा म्हणजे आचारसंहितेचं निवेदन. संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आचारसंहिता पाळली असं अहवालात लिहून द्यावं लागतं आणि त्याखाली सीईओची सही असते. कंपनीचा कारभार कोणाच्या जबाबदारीवर चालतो हे ती सही सांगते.

मृदुला_तासगाव

मानधनाचा तक्ता बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता उघडून पाहिला, फरक लगेच दिसला. पण मग जुनी मार्गदर्शिका चूक म्हणायची का?

निवृत्त_कंपनी_सेक्रेटरी

ती छापली तेव्हा बरोबर असणार. केशुब महिंद्रा 1963 पासून 2012 पर्यंत चेअरमन होते. 2012 मध्ये आनंद महिंद्रा चेअरमन झाले आणि एमडीही राहिले. नोव्हेंबर 2016 मध्ये एमडीपद पवन गोयंकांकडे गेलं आणि आनंद महिंद्रा कार्यकारी चेअरमन झाले. एप्रिल 2021 मध्ये गोयंका निवृत्त झाल्यावर अनीश शाह एमडी आणि सीईओ झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आनंद महिंद्रांच्या पदातला 'कार्यकारी' गेला आणि ते बिगरकार्यकारी चेअरमन राहिले. म्हणजे माणूस तोच, खुर्चीचं नावही वरवर तेच, पण 2013, 2017 आणि 2023 मध्ये 'कंपनी कोण चालवतं' याचं उत्तर वेगवेगळं. म्हणून तुमच्या रकान्यात नावासमोर महिना आणि वर्ष लिहाच.

बदल झालाय का हे ताजं बघायचं असेल तर बीएसईच्या साइटवर कंपनीच्या पानावर घोषणा असतात. महिंद्राचा क्रमांक 500520. त्यात 'Change in Directorate' किंवा 'Change in Management' अशा मथळ्याखालचं पत्र उघडा. वार्षिक अहवाल वर्षातून एकदाच येतो, मधले बदल इथे आधी कळतात.

विक्रांत_पुणे

सेबीचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. पण एमसीएचं काय? मी तिथेच बघतो नेहमी.

निवृत्त_कंपनी_सेक्रेटरी

तिथे संचालक कोण हे खात्रीने कळतं. पण त्या यादीत पदं 'Director', 'Managing Director', 'Wholetime Director' अशी येतात, आणि चेअरमन तिथे बहुधा नुसता 'Director' म्हणून दिसतो. शिवाय नेमणुकीची नोंद करायला कंपनीला 30 दिवस असतात, तेवढी यादी मागे राहू शकते. चेअरमन शोधायला ती जागा नाही.

वारणाकाठ

आमच्याकडे साखर कारखान्यात तर सगळं उलटं आहे. चेअरमन निवडून येतो आणि शब्द त्याचाच चालतो. एमडी पगारी असतो, त्याला आम्ही 'कार्यकारी संचालक' म्हणतो. ऊसबिलाचं विचारायला गेलं तर एमडी सांगतात, चेअरमनसाहेबांशी बोला. मग प्रमुख कोण लिहायचं?

निवृत्त_कंपनी_सेक्रेटरी

चांगला मुद्दा काढलात. कारखाना कंपनी कायद्याखाली येत नाही, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली येतो, त्यामुळे वर सांगितलेलं तिथे जसंच्या तसं लागू होत नाही. ताईंच्या कामाला यात एक धोका मात्र आहे. कारखान्यात 'कार्यकारी संचालक' म्हणजे एमडी. कंपनीत त्याच शब्दाने 'Executive Director' म्हणतात, आणि तो एमडी नसतो, जेजुरीकरांसारखा. पश्चिम महाराष्ट्रातला वाचक तो शब्द वाचून एमडीच समजेल. पुस्तिकेत एमडीला 'व्यवस्थापकीय संचालक' हाच शब्द ठेवा.

बँकेतली_वर्षं

स्टेट बँकेत मी एकोणतीस वर्षं काढली म्हणून सांगते. तिथे चेअरमनच बँक चालवतात आणि त्यांच्या हाताखाली चार व्यवस्थापकीय संचालक असतात. सध्या चेअरमनपदी श्री. शेट्टी आहेत, ऑगस्ट 2024 पासून. 'एमडी म्हणजे प्रमुख' असा नियम लावलात तर चार प्रमुख मिळतील. इतर सरकारी बँकांत, अगदी बँक ऑफ महाराष्ट्रमध्येही, एकच 'एमडी आणि सीईओ' असतात आणि ते खरे प्रमुख. चाळीसच्या यादीत बँका असतील तर स्टेट बँकेची ओळ वेगळी तपासा.

फ्लॅट_अडकलाय

मलाही हेच विचारायचं होतं. आमच्या बिल्डरच्या माणसाच्या कार्डावर सीईओ आहे, पण सरकारी यादीत त्याचं नावच नाही. ताबा तीन वर्षं लांबलाय. नोटीस सीईओला पाठवू की चेअरमनला? की तो खोटं बोलतोय?

निवृत्त_कंपनी_सेक्रेटरी

तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण थोडक्यात सांगतो. खाजगी कंपनीला एमडी किंवा सीईओ नेमायची सक्ती नाही, आणि संचालक नसलेल्या माणसाच्या कार्डावर सीईओ लिहिलेलं असू शकतं. तेवढ्यावरून तो खोटं बोलतोय असं ठरत नाही. नोटीस कंपनीच्या नावाने, नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. तो पत्ता एमसीएच्या 'Master Data' मध्ये मिळेल. संचालकांची नावंही तिथूनच घ्या, कार्डावरून नको. पुढचं वकिलांना विचारा आणि महारेराचा वेगळा धागा काढा, तिथे जाणकार भेटतील.

मृदुला_तासगाव

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी बसून 'प्रमुख' हा रकाना काढला आणि दोन केले: 'संचालक मंडळाचे अध्यक्ष' आणि 'कारभार पाहणारे'. महिंद्राची ओळ अशी: अध्यक्ष आनंद महिंद्रा (बिगरकार्यकारी), कारभार अनीश शाह, एमडी व समूह सीईओ. स्टेट बँकेला दोन्ही रकान्यांत एकच नाव आलं. त्या मुलीला उद्या सांगणार आहे की प्रश्नच मोघम होता. तिचे कापलेले गुण परत देते, बाकीच्यांचेही.

एक अडतंय. टाटा सन्समध्ये चंद्रशेखरन 'Executive Chairman' आहेत. मराठीत 'कार्यकारी अध्यक्ष' लिहिलं तर मुलांना पक्षाचा किंवा संमेलनाचा कार्याध्यक्ष वाटतो, म्हणजे अध्यक्षांच्या खालचा माणूस. इथे तर तेच सर्वोच्च आहेत.

बँकेतली_वर्षं

'पूर्णवेळ अध्यक्ष' चालेल का? आमच्याकडे 'पूर्णवेळ संचालक' रुळलेला आहे.

निवृत्त_कंपनी_सेक्रेटरी

'पूर्णवेळ'मध्ये वेळ कळतो, अधिकार कळत नाही. मी 'कार्यकारी अध्यक्ष' ठेवून खाली एक ओळीची टीप दिली असती. पण वर्तमानपत्रंही यात एकसारखी नाहीत, त्यामुळे माझंच बरोबर असा आग्रह नाही.