मदत हवी आहे: गिल्डच्या रेडची वेळ कोणालाच जमत नाही, त्यात बँकही रिकामी

सांजवारा_पुणे
आमचं गिल्ड फुटायच्या बेतात आहे. रेड रात्री ९ ला असते. तीन-चार जण सतत गैरहजर असतात आणि दोनदा तर बॉसच्या दारात उभं राहून परत यावं लागलं. बँकेतले फ्लास्क संपलेत, भरणारे आणि वापरणारे वेगळे आहेत, त्यावरून भांडणं होतात. सगळे नोकरी करणारे आहेत, कॉलेजची मुलं नाहीत. वेळ कशी ठरवायची आणि खर्च कोणी करायचा? लवकर सांगा, या शनिवारच्या आत काहीतरी ठरवायचं आहे.

खडकवासला_७
रात्री ९ कुठले? आणि खेळ कोणता?

बाप्पा_गेमर
आमच्या बीजीएमआयच्या क्लॅनमध्ये असाच घोळ होता. जो दोन दिवस दिसला नाही त्याला सरळ काढून टाकायचो. आठवड्यात शिस्त आली.

सांजवारा_पुणे
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. रात्री ९ न्यू जर्सीचे, शुक्रवारी. गिल्ड तिथल्या माझ्या चुलतभावाने सुरू केलं म्हणून ती वेळ.

नेरळ_लोकल
म्हणजे पुण्यात शनिवारी सकाळी साडेसात आणि दुबईत पहाटे सहा. तुमच्याकडे दुबईचे लोक आहेत का? असतील तर गैरहजर कोण ते मी न विचारताच सांगतो.

सांजवारा_पुणे
हो, तिघं दुबईचे. पुणे-मुंबईचे सात, न्यू जर्सीचे चार, डलासचे दोन. लंडनच्या एका मैत्रिणीलाही यायचं आहे. हिरोइक खेळतो, मिथिक नाही.

कोकणकडा
पुण्यात बसून अमेरिकन सर्व्हरवर का खेळता हेच कळत नाही. मला युरोपात एकशे तीसच्या आसपास पिंग मिळतो, अमेरिकेत अडीचशेच्या घरात जातो. सगळे युरोपात या. लंडनवालीचाही प्रश्न सुटेल.

नेरळ_लोकल
सोळा जणांनी खेळ परत विकत घ्यायचा? अमेरिका आणि युरोपचं लायसन्स वेगळं, कॅरेक्टर इकडून तिकडे नेता येत नाहीत. उलट लंडनच्या मैत्रिणीला हे आधीच सांगा. तिची कॅरेक्टर युरोपात असतील, तर तुमच्याकडे तिला शून्यापासून सुरुवात करावी लागेल. सर्व्हर वेगळे चालतात, २०२३ पासून गिल्डसुद्धा क्रॉस-रेल्म आहे, पण विभाग एकच लागतो.

आता मुख्य प्रश्न: टँक कोण आणि हीलर कोण, कुठल्या शहरात?

सांजवारा_पुणे
ते महत्त्वाचं आहे का? दोन्ही टँक न्यू जर्सीचे (एक चुलतभाऊ). हीलर तिघं, त्यातले दोघं दुबईचे आणि एक मी.

नेरळ_लोकल
तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. हिरोइकमध्ये १० ते ३० पर्यंत कितीही जण चालतात, माणसं कमी-जास्त झाली की बॉसचा जीवही तसा कमी-जास्त होतो. त्यामुळे मारा करणारे दोघं-तिघं आले नाहीत तरी रेड होते. टँक एकच उरला किंवा तेरा जणांमागे तुम्ही एकट्याच हीलर उरलात की रेड तिथेच संपते. दारातून परत आलात तेव्हा दुबईचे दोघं नव्हते ना?

सांजवारा_पुणे
नव्हते. दोन्ही वेळा.

नेरळ_लोकल
मग सोळा जणांचं मतदान घेऊ नका. त्यात सात मतं पुणे-मुंबईची पडतील आणि टँक झोपलेले असतील अशी वेळ ठरेल. आधी पाच जणांची वेळ जुळवा, दोन टँक आणि तीन हीलर. बाकीच्यांना ती वेळ कळवा, ज्यांना जमेल ते येतील. आठ-नऊ जण आले तरी पुरे.

पाच जणांसाठी मी ही वेळ बघेन: शनिवारी न्यू जर्सीत सकाळी ११. तेव्हा डलासला सकाळचे १०, दुबईत रात्रीचे ८, पुण्यात साडेनऊ. कोणाची पहाट नाही, कोणाचं ऑफिस नाही.

सह्याद्री_डीपीएस
साडेनऊला सुरू करून अडीच तास खेळायचं म्हणजे रात्रीचे बारा. मी त्याच गिल्डमध्ये आहे, रविवारी सकाळी माझी शिफ्ट असते. आठला सुरू करा.

चुलतभाऊ_एनजे
मीच तो टँक. शनिवारी सव्वादहापर्यंत मुलाचा पोहण्याचा क्लास असतो आणि रविवारी मराठी शाळा, तिथे मी शिकवतो. पुण्याचे आठ म्हणजे आमचे साडेनऊ, ते मला अशक्य आहे. अकरा जमतील. पण शुक्रवारची रात्र सोडायला दुसरा टँक तयार होईल असं वाटत नाही.

नेरळ_लोकल
सह्याद्री, तुमची अडचण मार्चपर्यंतची आहे. ८ मार्चला अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे जातात, आपली आणि दुबईची जात नाहीत. वेळ 'न्यू जर्सीचे अकरा' अशी बांधली तर पुण्यात साडेनऊचे साडेआठ होतील. नोव्हेंबरात परत साडेनऊ. उलट भारताची वेळ कायम धरली तर दर मार्चला टँकचं वेळापत्रक हलेल. ज्यांच्यावाचून अडतं त्यांच्या घड्याळाला वेळ बांधावी.

खेळातल्या कॅलेंडरवर विसंबू नका, ते रेल्मची वेळ दाखवतं. डिस्कॉर्डवर असं लिहिलं की प्रत्येकाला आपापल्या घड्याळातली वेळ दिसते:

```
<t:1768060800:F>
```

हे शनिवार १० जानेवारीचं आहे. पुढच्या आठवड्यासाठी त्यात ६०४८०० मिळवा. फक्त मार्चमध्ये घड्याळ बदलेल त्या आठवड्यात ६०१२०० आणि नोव्हेंबरात बदलेल तेव्हा ६०८४००.

कोकणकडा
एवढा खटाटोप करण्यापेक्षा दोन रेड ठेवा. शुक्रवार रात्र अमेरिकेची, शनिवार रात्र आपली. हिरोइकमध्ये कितीही वेळा जाता येतं, लॉकआउट नसतो.

नेरळ_लोकल
लॉकआउट असतो, तो लुटीवर असतो. शुक्रवारी पाच बॉस मारले असतील तर शनिवारी त्याच पाचांवर परत मदत करता येते, पण त्यांच्याकडून त्या आठवड्यात काही मिळत नाही. सहाव्यापासून मिळतं. आणि यात लोक एका ठिकाणी हमखास अडकतात: आत गेल्यावर कोणते बॉस उभे आहेत ते रेड लीडरच्या नोंदीवरून ठरतं. शुक्रवारी खेळलेल्याला शनिवारी लीडर केलं तर पहिले पाच मेलेलेच दिसतील आणि ताज्या लोकांची लूट जाईल. लीडर नेहमी त्या आठवड्यात न खेळलेला ठेवा.

तरी दोन रेड मला पटत नाहीत, कारण टँक दोनच आहेत. दोन्ही दिवशी त्यांनाच यावं लागेल.

सह्याद्री_डीपीएस
मी वॉरियर आहे, टँक होऊ शकतो. पण मग माझ्या माऱ्याचं सामान वाया जाईल.

चुलतभाऊ_एनजे
वाया नाही जात, चिलखत तेच चालतं. ढाल आणि एक-दोन वस्तू बदलाव्या लागतील. तू तयार असशील तर दुसऱ्या टँकने शुक्रवार धरला तरी शनिवार चालू शकेल.

मुग्धा_टीएक्स
मी डलासहून, याच गिल्डमधली. ज्यांना रेड चुकते त्यांनी आठवडा गेला असं धरू नये. पाच जणांचं मिथिक प्लस अर्ध्या-पाऊण तासात होतं. एक केलं तरी वॉल्टमध्ये एक पर्याय उघडतो, चार केली तर दोन, आठ केली तर तीन. मला नाइट ड्यूटी असते तेव्हा मी तेवढंच करते आणि मंगळवारी रीसेट झाला की वस्तू घेते. भारतात तो मंगळवारी रात्री साडेआठला होतो. मात्र त्याच्या आत आठवड्याची कामं संपवायची असतात, आणि पुण्याची मंडळी 'मंगळवारी रात्री जेवून करू' म्हणतात तेव्हा आठवडा बदललेला असतो.

बाप्पा_गेमर
लॅपटॉप कोणता आहे? १६ जीबी रॅम नसेल तर वीस जणांच्या रेडमध्ये अडकणारच.

सांजवारा_पुणे
लॅपटॉपचा प्रश्न नाही. वेळेचं पुष्कळ कळलं, आभार. आता बँकेचं सांगा. फ्लास्क मी आणि सह्याद्री बनवतो. वनस्पती गोळा करायला आमच्या दोन संध्याकाळी जातात. न्यू जर्सीवाले येऊन घेतात.

चुलतभाऊ_एनजे
आम्ही सोनं टाकायला तयार आहोत की. एक टोकन विकत घेऊन लिलावात विकलं की सोनं मिळतं, बँक महिनाभर चालेल. वीस डॉलर कोणाला जड आहेत?

सह्याद्री_डीपीएस
मला जड आहेत. सतराशे-अठराशे रुपये होतात. मी उलट करतो, सोनं कमावून टोकन घेतो आणि त्यातून महिन्याचं सबस्क्रिप्शन भरतो. बँकेत फ्लास्क फुकट टाकतो तेव्हा माझं सबस्क्रिप्शन जातं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

नेरळ_लोकल
भांडणाचं मूळ इथे आहे. फ्लास्कला बाजारभाव आहे आणि तो अमेरिका विभागात सगळ्यांना एकच आहे, २०२२ पासून अशा मालाचा लिलाव पूर्ण विभागाचा मिळून होतो. त्यामुळे 'दान' म्हणू नका. चौदा जण, अडीच तास, एक फ्लास्क तासभर टिकतो, म्हणजे माणशी तीन, एकूण बेचाळीस. त्या दिवसाच्या भावाने बेचाळीसचे पैसे गिल्ड बँकेने बनवणाऱ्यांना द्यावेत. लिलावात विकणाऱ्याचे पाच टक्के कापले जातात, ते इथे वाचतात, म्हणून भावापेक्षा पाच टक्के कमी घेतले तरी सह्याद्रींचं नुकसान नाही. बँकेत सोनं कोण टाकतो, टोकन विकून की खेळून, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

कोकणकडा
आमच्या क्लासिकच्या गटात जीडीकेपी होतं. लूट बोली लावून विकायची, जमलेलं सोनं सगळ्यांत वाटायचं. तेच करा, बँकच नको.

मुग्धा_टीएक्स
नको. नातेवाईकांच्या गिल्डमध्ये बोली लागली की ज्याच्याकडे डॉलर आहेत तोच सगळं नेणार. क्लासिकच्या अॅनिव्हर्सरी सर्व्हरवर तर त्यावर बंदीच आहे.

नेरळ_लोकल
मुग्धाताईंशी सहमत. सह्याद्री, उरलेला माल विकताना एक बघा. त्याच भावात जो शेवटी माल लावतो त्याचा आधी विकला जातो. तुम्ही रात्री दहाला लावून झोपलात तर अमेरिकेची संध्याकाळ होईपर्यंत तुमच्यावर शेकडो नग चढलेले असतात. रीसेटनंतर त्यांची रेडची पहिली रात्र म्हणजे आपली बुधवारची पहाट-सकाळ. बुधवारी साडेपाच-सहाला उठून लावा, भाव पाडायची गरज नाही, तोच भाव ठेवा. आणि बँकेसाठी वनस्पती विकत घ्यायच्या तर शनिवार-रविवारी घ्या, तेव्हा गोळा करणारे जास्त असतात.

सह्याद्री_डीपीएस
पहाटे उठायचं माझ्याकडे आहेच, शिफ्टमुळे. हे करून बघतो. पण शनिवारचे बारा मला अजून मान्य नाहीत. अकराला मी निघेन.

चुलतभाऊ_एनजे
मग मधल्या बॉसपर्यंत तू टँक कर, पुढे मी. दुसऱ्या टँकशी आज बोलतो, तो शुक्रवारवर अडून बसला तर कळवतो.

सांजवारा_पुणे
दुबईच्या दोघांना रात्री आठ चालतात, आत्ताच विचारलं. त्यातला एक म्हणतोय की रमजानमध्ये इफ्तार आणि तरावीह आटपून त्याला दहाशिवाय बसता येणार नाही. तेव्हा काय करायचं?

नेरळ_लोकल
तो महिनाभर एक हीलर कमी पडेल. मुग्धाताई, तुम्ही हीलिंग करता का?

मुग्धा_टीएक्स
शामन आहे, जुनं सामान पडलंय. ड्यूटी नसेल त्या शनिवारी करेन. तारखा मिळाल्या की इथेच टाकते.