अंदाज म्हणजे थापाच ना?

बेदाणेवाला: कोल्ड स्टोरेजला नवं चेंबर घालायचंय, खर्च 1 कोटी. प्रोजेक्टवाला एक्सेल घेऊन आला, म्हणे एनपीव्ही 13 लाख, म्हणजे दहा वर्षांची कमाई आजच्या किमतीत आणून खर्च वजा केला की एवढे उरतात. दहा वर्षांनंतरचं याला काय कळतंय? थाप ती थापच, एक्सेलात मारली तरी.

साइटवरचा: त्याचं चुकलं ते एकच आकडा दिला यात. मी हीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर. चेंबर फुल्ल भरलं तर वर्षाचं भाडं 40 लाख धरा. वीज, पगार, देखभाल 10 लाख. माल अर्धा असला म्हणून कॉम्प्रेसर निम्मा चालत नाही, त्यामुळे हा खर्च फारसा हलत नाही. 75 टक्के भरलं तर हातात 20 लाख. 12 टक्के दराने दहा वर्षं मोजली की तुमचे 13 येतात. 60 टक्केच भरलं तर उणे 21 लाख, 85 टक्के भरलं तर अधिक 36. सत्तरच्या किंचित खाली शून्य.

म्हणजे भविष्य सांगायचंच नाहीये, सरासरी सत्तर टक्के भरेल का एवढंच बघायचंय. वीजबिल दरवर्षी लाखाने जास्त आलं तर साडेपाच लाख जातात, चेंबर 75 ऐवजी 65 टक्केच भरलं तर साडेबावीस. भांडायचंच तर यावर भांडा. आणि काम रेंगाळून पहिला हंगाम हुकला, सगळी कमाई वर्षभर पुढे गेली, तर 13 चा जेमतेम 1 लाख उरतो. माझी झोप त्यानेच उडते.

हिशोबी_काकू: एवढा खटाटोप कशाला? कोटीला वीस, पाच वर्षांत पैसे परत. आमच्या ह्यांनी सगळा धंदा असाच केला.

साइटवरचा: काकू, पैसा फुकट असता तर पाच. 12 टक्के धरले की आठ वर्षं उलटतात.

शिरोळकर: सगळं खोटं असतं हो! आमच्या सीएने पहिलं विचारलं, "कर्ज किती पाहिजे?" मग त्याला बसेल एवढी विक्री लिहिली. पहिल्याच वर्षी 90 टक्के क्षमता! बँकेने डोळे झाकून सही केली, हप्ते मी फेडतोय.

हिशोबी_काकू: सगळे सीए तसे नसतात. माझा भाऊ सीए आहे.

शिरोळकर: मग विचारा त्याला, एक तरी रिपोर्ट तोट्याचा केलाय का!

हिशोबी_काकू: तोट्याचा रिपोर्ट घेऊन बँकेत तुम्ही गेला असता का? सही तुमचीही होती ना?

साइटवरचा: शिरोळकर, त्या रिपोर्टमध्ये 60 टक्क्यांचा रकाना असता तर तुम्हीच थबकला असता. पण एक कबूल, रेंजसुद्धा लबाडीने अरुंद करता येते. म्हणून खालचा आकडा मालकाच्या वहीतून घ्यायचा, माझ्याकडून नाही.

बेदाणेवाला: काढली वही. जुनं चेंबर तीन वर्षांत 80, 62, 71. झालं समाधान?

साइटवरचा: सरासरी 71. एनपीव्ही साधारण 4 लाख. पण दोन्ही चेंबरना पुरेल एवढा माल गावात आहे का, ते वही सांगत नाही.

बेदाणेवाला: वा, 13 चे 4 झाले, म्हणजे निदान थाप तरी लहान झाली. आणि 62 वालं वर्ष पहिलंच आलं, तर हप्ता काय तुझ्या रेंजमधून भरू?