मदत हवी आहे: टू-ट्रॅक स्लायडिंग खिडकीच्या शटरचं आणि काचेचं माप

भिंतीतलं ओपनिंग 1500 × 1200 मिमी आहे. चारही बाजूंना 5 मिमी सोडून बाहेरची फ्रेम 1490 × 1190 धरली, म्हणजे फ्रेमचं सेक्शन 5360 मिमी. हे ठीक वाटतंय. अडचण पुढे आहे.

फ्रेमच्या आत शटरला रुंदीत 1450 मिमी जागा मिळते आणि मधलं इंटरलॉक 40 मिमी एकमेकांवर येतं. माझ्या हिशोबाने शटरची रुंदी (1450 + 40) ÷ 2 = 745. फॅब्रिकेटर मात्र सरळ 1450 चे दोन भाग करून 725 म्हणतो. तसं कापलं तर दोन्ही शटर मध्ये कडेला कड लागतील, इंटरलॉक अडकणारच नाही आणि पावसाचं पाणी थेट आत येईल, असं मला वाटतं. मी बरोबर आहे ना?

आता काच. हँडलचं सेक्शन 45, इंटरलॉकचं 40, आणि काच दोन्हीकडे 8 मिमी खाचेत जाते. म्हणून काचेची रुंदी 745 − 85 + 16 = 676. शटरची उंची 1130, वर-खाली 45 ची सेक्शनं, म्हणून काचेची उंची 1056. दोन काचा मिळून साधारण 1.43 चौ. मी., म्हणजे 15.4 चौ. फूट. पूर्ण ओपनिंगवर काचेचे पैसे लावले तर 19.4 चौ. फूट होतात, एवढा फरक नेहमीचा असतो का?

खाच 10 मिमी खोल आहे. 5 मिमी काच रबरासकट बसवायला मागे 2 मिमी मोकळीक पुरेल, की काच अजून थोडी लहान सांगू? काच कापायला द्यायच्या आधी कुणी अनुभवी माणसाने हे तपासून दिलं तर फार बरं होईल.