मदत हवी आहे: यूव्ही टॉर्चने विंचू शोधताना भिंत नुसती जांभळी दिसते

ओसरीकर
घरामागच्या भिंतीला लागून कुंड्यांची रांग आहे आणि पुढे विटांची कड घातलेला वाफा. दिवसा एक कुंडी सरकवली तर खाली विंचू निघाला. घरात रांगतं मूल आहे, म्हणून यूव्ही टॉर्च मागवली. तिच्यावर ३९५ नॅनोमीटर असं छापलंय.

रात्री मारून बघितली तर चुना दिलेली अख्खी भिंत जांभळी! त्यात निळेपांढरे धागे, ठिपके, डाग असं बरंच काही चमकत होतं. वाफ्याच्या कडेला मात्र एक हिरवट आकार दिसला. बोटाच्या पेराएवढा. बराच वेळ बघत होतो, हलला नाही. सकाळी गेलो तर तिथे काही नव्हतं. तो विंचू होता की दुसरं काही? आणि भिंतीवर काही दिसलं नाही म्हणजे भिंतीत विंचू नाहीत असं धरू का?

खटपट्या
सोपं आहे. विंचू यूव्हीत चमकतोच चमकतो. चमकला नाही म्हणजे नाही. निर्धास्त राहा.

रानवाट
खटपट्या, पहिलं वाक्य जवळजवळ बरोबर, पण त्यावरून निर्धास्त कसं राहणार? चमकतं ते विंचवाचं वरचं कवच, आणि उजेड त्यावर पडला तरच. भेगेत चार बोटं आत बसलेला, दगडाखाली किंवा पालापाचोळ्यात दडलेला विंचू तुम्हाला दिसणार नाही. शिवाय नुकतीच कात टाकलेल्याचं कवच मऊ असतं, ते कडक होईपर्यंत चमक फार फिकी असते.

ओसरीकर, तुमच्या भिंतीची अडचण विंचवाची नाही, टॉर्चची आहे. ३९५ च्या टॉर्चमधून डोळ्याला दिसणारा जांभळा उजेडही भरपूर पडतो. पांढरी भिंत तो सगळा परत फेकते आणि विंचवाची हिरवट चमक त्यात बुडून जाते. काळ्या मातीवर किंवा विटेवर हीच टॉर्च बरं काम देते, म्हणून तुम्हाला वाफ्यात दिसलं आणि भिंतीवर नाही. ३६५ ची, पुढे काळी काच बसवलेली टॉर्च मिळाली तर भिंत अंधारीच राहते आणि विंचू उठून दिसतो.

पण आहे त्याच टॉर्चने आधी हे करून बघा. घराबाहेरचे दिवे बंद करा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. टॉर्च भिंतीसमोर धरू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून, झोत भिंतीच्या लांबीने जाईल अशी तिरकी धरा, म्हणजे जांभळा उजेड थेट डोळ्यांवर परतत नाही. एकदा जमिनीपासून वीतभर उंचीवरून, मग कमरेच्या उंचीवरून. एका वेळी दीड-दोन मीटरचाच पट्टा घ्या, सावकाश. अख्खा विंचू दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. पुष्कळदा तो भेगेच्या तोंडाशी बसलेला असतो आणि फक्त पुढचे दोन चिमटे बाहेर असतात. गिलावा फुटलेल्या जागी दोन हिरव्या बारीक रेघा दिसल्या तर थांबा.

धागे, कागदाचे कपटे, साबणाचे डाग हे निळेपांढरे चमकतात, कारण धुण्याच्या पावडरीत तशी द्रव्यं असतात. विंचवाचा रंग हिरवाकडे झुकतो, सगळीकडे एकसारखा असतो आणि कड स्पष्ट असते.

मी_सानिका
हीच टॉर्च ढेकणांसाठी चालेल का? आमच्याकडे गादीच्या शिवणीत फार झालेत. आणि मांजरीने कुठे घाण केली ते पण दिसतं म्हणे.

रानवाट
सानिकाताई, मांजरीच्या मुताचे डाग दिसतात, म्हणून ओसरीकरांनी अंगणात तसला पिवळट डाग बघून दचकू नये. ढेकणांचं काम साध्या टॉर्चने आणि शिवण उलटून होतं. त्याला वेगळा धागा काढा ना, तिथे लोक जास्त सांगतील.

ओसरीकर
आणि तो हिरवा आकार? हलला नाही म्हणजे कात असेल ना?

रानवाट
कात असू शकते, पण न हलणं ही काही खूण नव्हे. विंचू भक्ष्याची वाट बघत बराच वेळ गप्प बसतो. गंमत म्हणजे टाकलेली कात आणि मेलेला विंचूही जिवंत विंचवासारखेच चमकतात. पुन्हा दिसला तर झोत तिथेच ठेवा आणि हातभर लांब काडीने हळूच ढकला. कात पोकळ असते, काडी लागताच पापुद्र्यासारखी घरंगळते, आणि डोक्याच्या पुढच्या कडेला फाटलेली दिसते. जिवंत असेल तर चिमटे उघडेल, नांगी वर घेईल किंवा सरळ पळेल. तुमचा सकाळी नव्हता, एवढ्यावरून चालत गेला असं म्हणता येत नाही. कात वाऱ्यानेही उडते, मुंग्याही ओढून नेतात.

अजून एक. पाठीवर फिकट, जवळजवळ न चमकणारा गठ्ठा घेतलेली हिरवी आकृती दिसली तर ती पिलं घेतलेली मादी. नवजात पिलं चमकत नाहीत म्हटलं तरी चालेल. तिला काडी लावू नका, पिलं सांडून इकडेतिकडे होतील. रुंद तोंडाची काचेची बरणी वरून उपडी ठेवा आणि खालून जाड पुठ्ठा सरकवा. गुळगुळीत काचेवर विंचवाला चढता येत नाही.

भटका_जीव
पौर्णिमेला जाऊ नका, विंचू बाहेरच पडत नाहीत.

रानवाट
बाहेरच पडत नाहीत असं नाही, कमी पडतात. आणि भिंतीच्या सावलीतल्या बाजूला चांदणं पोचतंच कुठे? थंडीच्या रात्री मात्र खरंच हात हलवत परत यावं लागतं. उबदार रात्री, सूर्यास्तानंतर तास-दोन तासांनी निघा.

खटपट्या
बरं, मग यूव्हीची नळीच रात्रभर भिंतीवर लावून ठेवली तर? विंचवांना तो उजेड आवडत नाही असं वाचलंय. आपोआप जातील.

रानवाट
आवडत नाही हे खरं, झोत रेंगाळला की बरेचसे आडोशाला सरकतात. म्हणूनच सापडल्यावर टॉर्च रोखून कौतुक करत बसायचं नसतं. पण रात्रभर नळी लावलीत तर किडे गोळा होतील, आणि किडे म्हणजे विंचवाचं जेवण. उजेडाच्या कडेला, अंधारात, पंगत बसेल.

भटका_जीव
सापाचं पण सांगा त्यांना.

रानवाट
हो, बरं आठवण केलीत. यूव्हीच्या उजेडात विंचू शोधताना पायाशी साप असला तर तो तसा चमकून दिसत नाही. दुसऱ्या हातात साधी पांढरी टॉर्च हवीच: पाऊल टाकण्याआधी पांढरी, उभं राहिल्यावर यूव्ही. पायात बंद बूट. झोत कोणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका, आणि ही टॉर्च मुलाच्या हाती खेळायला देऊ नका.

ओसरीकर
आत्ताच जाऊन आलो. टॉर्च भिंतीलगत धरली तर खरंच फरक पडतो. नळाच्या पाइपमागे भेग आहे, तिच्या तोंडाशी हिरवी रेघ दिसली, एकच. झोत टाकल्यावर आत गेली. खडूने खूण केली आहे. उद्या लगेच सिमेंट भरून टाकू का?

रानवाट
आत असताना बुजवलंत तर तो दुसऱ्या फटीतून निघेल, कदाचित घराच्या बाजूने. पाइपची भेग भिंतीच्या आतपर्यंत गेली आहे का ते दिवसा बघा. आतली बाजू आधी बुजवा. बाहेरची, तो पकडल्यावर.

मी_सानिका
एकच रेघ म्हणजे एकच विंचू का पण?

रानवाट
ते आत्ता कोणी सांगू शकत नाही.