जांघेतला हर्निया: शस्त्रक्रिया पेरणीआधी करावी की नंतर, आणि पोती कधी उचलता येतील?

सेलूकर_कृषी
नमस्कार. सेलू येथे माझे कृषी सेवा केंद्र आहे. उजव्या जांघेत हर्निया असल्याचे निदान झाले आहे. परभणीच्या डॉक्टरांनी चिरा देऊन जाळी बसवू असे सांगितले, तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीचा सल्ला दिला, आणि दोघांच्या खर्चात जवळपास दुपटीचा फरक आहे. पहिले म्हणतात की तीन महिने वजनाला हात लावायचा नाही. दुसरे म्हणतात की पंधरवड्यात सगळे करा. मृग तोंडावर आला आहे, त्यामुळे मला नेमके उत्तर हवे आहे. हर्निया म्हणजे काय हे मी वाचलेले आहे, ते कृपया पुन्हा सांगू नये.

बालाघाटी
दादा, वय किती, आडवे झाल्यावर गाठ आत जाते का, दुखते का आणि पोती तुम्ही स्वतः उचलता की हमाल, यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. नेमके उत्तर कशाच्या आधारावर द्यायचे?

शुभांगी_लातूर
माझ्या सासूबाईंनाही हर्निया आहे. रात्रीचे जेवण लवकर करावे, उशाकडची बाजू थोडी उंच ठेवावी आणि तिखट कमी करावे. त्यांची छातीतली जळजळ यामुळे पुष्कळ कमी झाली आणि शस्त्रक्रिया लागली नाही.

सेलूकर_कृषी
ताई, तो जठराचा हर्निया असतो. माझा जांघेतला आहे, जळजळीचा त्याच्याशी संबंध नाही.
बालाघाटी, वय 43. झोपल्यावर गाठ आत जाते. दिवसभर उभे राहिले की संध्याकाळपर्यंत जांघेत ओढ लागते. हंगामात खताचा ट्रक आला की हमालांबरोबर मीही हात लावतो. युरियाची गोणी 45 किलोची आणि डीएपीची 50 किलोची असते.

मांजराकाठ
दोन्ही डॉक्टर जाळीच सांगत आहेत, याचेच मला आश्चर्य वाटते. पुण्याचे डॉ. देसरडा यांनी जाळीशिवाय, रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी वापरून हर्निया बंद करण्याची पद्धत काढली आणि ती जगभर माहीत आहे. माझी शस्त्रक्रिया त्याच पद्धतीने झाली, शरीरात परकी वस्तू राहिली नाही आणि आज मी शेतातले सर्व काम करतो. जाळीमुळे आयुष्यभर दुखते, असे माझे अनेक ओळखीचे सांगतात.

गंगाखेडकर
आमच्या वडिलांनी तीन-चार वर्षे चालढकल केली. ऐन काढणीत एका रात्री गाठ आत जाईना, दगडासारखी कडक झाली, उलट्या सुरू झाल्या, आणि नांदेडला पोहोचेपर्यंत आतड्याचा तुकडा काळा पडला होता. तो कापून काढावा लागला. हंगाम दरवर्षी येतो. उद्याच दाखल व्हा.

अंबाजोगाईचा_सर्जन
मी शल्यचिकित्सक आहे. तपासल्याशिवाय निर्णय देता येणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करता येतील.

गंगाखेडकरांच्या वडिलांना झाले ते खरे आहे आणि भयंकर आहे, परंतु प्रत्येक गाठ त्या वाटेने जात नाही. ज्या पुरुषांना फारसा त्रास नव्हता, त्यांच्यावरचा एक अमेरिकी अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया न करता केवळ लक्ष ठेवलेल्यांत आतडे अडकण्याचे प्रमाण दर हजारी वर्षाला दोनाहून कमी होते. मात्र पुढे दहा वर्षांत त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी दुखते म्हणून शस्त्रक्रिया करून घेतलीच. म्हणजे तुमच्यासारख्या ओढ लागणाऱ्या माणसाला शस्त्रक्रिया कधी ना कधी लागेल, पण ती उद्याच झाली पाहिजे असे नाही, जोवर गाठ सहज आत जाते आहे. गाठ अडकली, कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या किंवा वारा सरणे बंद झाले, तर मात्र ती दाबत बसू नये. त्याच क्षणी निघावे.

मांजराकाठ यांनी सांगितलेली पद्धत खरी आहे आणि काही तुलनात्मक अभ्यासांत ती जाळीच्या बरोबरीने टिकली आहे. तथापि ती आणि जाळीशिवायची कोणतीही पद्धत करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. जाळीनंतरचे दीर्घकाळचे दुखणे हेही खोटे नाही. दहापैकी साधारण एकाला ते जाणवते. पण ते बहुतेकदा नस दुखावल्याने किंवा अडकल्याने होते, म्हणून जाळी टाळली तरी ते पूर्ण टळत नाही.

आता माझे प्रश्न. उभे करून, खोकायला लावून डावी बाजूही कोणी तपासली का? सोनोग्राफीच्या अहवालात काय लिहिले आहे? आणि खोकला, तंबाखू, बद्धकोष्ठता किंवा लघवीला जोर लावावा लागणे, यांपैकी काही आहे का?

सेलूकर_कृषी
अहवाल आता काढून पाहिला. त्यात डाव्या बाजूलाही लहान हर्निया लिहिला आहे. तिकडे मला काहीच जाणवत नसल्याने तो महत्त्वाचा वाटला नाही. विडी ओढतो. पहाटे खोकला येतो, बरेच महिने झाले, पण तो हर्नियाशी कसा संबंधित आहे?

बालाघाटी
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते, तर अर्धा धागा वाचला असता.

वाळूज_एमआयडीसी
मी प्रेस मशीनवर काम करतो. माझा एका बाजूचा, चिरा देऊन, जाळीचा. तिसऱ्या आठवड्यात कामावर गेलो आणि सुरुवातीला हलके काम मागून घेतले. एक कामाची गोष्ट सांगतो: ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात, फक्त प्रमाणपत्र वेळेवर जमा करावे लागते.

सेलूकर_कृषी
माझे दुकान आहे, मला ईएसआय लागू नाही. कृपया विषयावर बोलावे.

मांजराकाठ
दोन्ही बाजूंना जाळी म्हणजे दोन परक्या वस्तू. त्यापेक्षा हर्नियाचा पट्टा लावून हा हंगाम काढावा आणि नंतर निवांत जाळीशिवाय करून घ्यावे.

अंबाजोगाईचा_सर्जन
पट्टा भोक बुजवत नाही. गाठ आत ढकलून तो लावला तर काही काळ आधार वाटतो, पण बाहेर आलेल्या आतड्यावर आवळला तर नुकसानच होते. पट्टा लावून 50 किलो उचलणे हे तर मी कुणालाही सांगणार नाही.

सेलूकर, दोन्ही बाजूंचा हर्निया कळल्यावर दुर्बिणीच्या बाजूने कारण तयार होते. बेंबीजवळचे एक आणि खालची दोन अशा तीनच छिद्रांतून दोन्ही बाजू एका वेळी बंद होतात. प्रत्येक बाजूला स्नायूच्या मागे साधारण 10 बाय 15 सेंटीमीटरची जाळी पसरली जाते. चिऱ्याने करायचे तर दोन चिरे येतात आणि उठताबसता दोन्हीकडे दुखते. उलट बाजू एकच असती, किंवा हृदयाच्या त्रासामुळे पूर्ण भूल धोक्याची असती, तर परभणीच्या डॉक्टरांचा सल्ला अगदी योग्य होता, कारण चिऱ्याची शस्त्रक्रिया केवळ जागा बधिर करूनही होते. दुर्बिणीला बहुधा पूर्ण भूल लागते, आणि त्यात हात बसायला सर्जनला पन्नास ते शंभर शस्त्रक्रिया कराव्या लागतात. म्हणून खर्च विचारताना हा आकडाही विचारा. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी अहवाल पाहूनच तसे सुचवले असावे. परभणीच्या डॉक्टरांना तो दाखवला होता का, हे तुम्हीच सांगू शकाल.

आता पोत्यांविषयी. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार वजनावर दीर्घ बंदीची गरज नाही. झेपेल तशी नेहमीची कामे तीन ते पाच दिवसांत सुरू करता येतात. तीन महिन्यांचा नियम जाळी येण्याआधीच्या काळातला आहे, जेव्हा स्नायू ताणून शिवत आणि सगळा भार टाक्यांवर असे. मात्र ‘नेहमीची कामे’ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर डीएपीची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारा माणूस असेल, असे मला वाटत नाही. मी माझ्या रुग्णांना पहिल्या संध्याकाळीच चालायला लावतो, आठवड्याभरात गल्ल्यावर बसू देतो, दोन आठवड्यांनी दहा-बारा किलोची बादली, आणि पूर्ण पोते चार ते सहा आठवड्यांनंतर, तेही उभे राहून जोरात खोकले तरी जांघेत कळ येत नसेल तर. हा माझा शिरस्ता आहे, सिद्ध झालेला नियम नाही.

आणि खोकला. जोराच्या खोकल्याने पोटात जो दाब येतो, तो बेताचे वजन नीट उचलताना येणाऱ्या दाबापेक्षा जास्त असतो, आणि तो दिवसातून अनेकदा येतो. तुम्ही पोत्याची काळजी करता आहात आणि विडी चालू आहे. दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्यासाठी आधी थुंकी आणि छातीचा एक्स-रे तपासून घ्या. त्याशिवाय मी स्वतः तारीख देणार नाही.

वाळूज_एमआयडीसी
मला घरी आल्यावर अंडकोश निळा-काळा पडलेला दिसला तेव्हा घाबरलो होतो. तो आपोआप उतरला. पण जांघेत टणक फुगा राहिला, आणि हर्निया परत आला असे समजून मी परत धावलो. तपासताना मला खोकायला लावले, फुगा हलला नाही, आणि ते साठलेले पाणी आहे म्हणून सांगितले. ते जिरायला बरेच आठवडे लागले. चिऱ्याच्या खालची त्वचा अजून थोडी बधिर आहे.

अंबाजोगाईचा_सर्जन
परीक्षा बरोबर आहे: खोकल्यावर ठोका लागला तर हर्नियाचा संशय, नाहीतर बहुधा पाणी. त्यात सुई घालायला कुणाला सांगू नका, जंतू जाऊ शकतात. दुर्बिणीतही हे होतेच. पहिल्या रात्री लघवी अडली, तर लाजून थांबू नये. शौचाला जोर लागू नये म्हणून इसबगोल पहिल्या दिवसापासून घ्यावे.

गंगाखेडकर
डॉक्टर, एवढे सगळे ऐकूनही हंगाम संपेपर्यंत थांबा म्हणणे मला पटत नाही. खेड्यात रात्री गाडी मिळत नाही, हे पुस्तकात नसते.

अंबाजोगाईचा_सर्जन
तुमचा मुद्दा मान्य आहे. ‘थांबता येते’ हे दवाखाना किती लांब आहे त्यावरही अवलंबून असते. सेलूहून परभणी फार दूर नाही, पण रात्री वाहन घरचे आहे का, हे मला माहीत नाही.

सेलूकर_कृषी
गाडी घरची आहे. परभणीच्या डॉक्टरांनी अहवाल पाहिला नव्हता, सोनोग्राफी नंतर झाली. थुंकीचा नमुना आज दिला. या हंगामात ट्रक उतरवायला दोन हमाल जास्तीचे सांगितले आहेत, मी केवळ नोंद ठेवीन. तारीख पेरणीआधीची घ्यावी की पोळ्यानंतरची, हे घरात अजून ठरलेले नाही. एक शेवटची शंका: शस्त्रक्रियेनंतर मोटारसायकल कधी चालवता येईल? मोंढ्यापर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा आहे.

बालाघाटी
मी दहाव्या दिवशी चालवली होती, काही झाले नाही.

अंबाजोगाईचा_सर्जन
दिवस मोजू नका. गाडी बंद असताना बसून एकदम जोरात ब्रेक दाबून पाहा आणि गाडी स्टँडवरून काढून पाहा. कळ आली नाही आणि झोप आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद झाल्या असतील, तर चालवा. किक मारायची जुनी गाडी असेल, तर ती महिनाभर दुसऱ्याला मारू द्या.

सेलूकर_कृषी
गाडी किकचीच आहे. थुंकीचा अहवाल आला की लिहितो.